लसूण अख्खा गिळताय? लसूण, कांदा, आल्याबाबतच्या या चुका टाळा

माझे काका सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या सोलून, पाण्याबरोबर गोळीसारख्या गिळायचे. चावल्या की तोंडाला वास येतो, म्हणून गिळायच्या. तीन महिन्यांनी "आता लसूण चालू आहे" म्हणून त्यांनी बीपीची गोळी स्वतःच बंद केली. एक दिवस डोकं जड झालं म्हणून घरच्या मशीनवर मोजलं, तर वरचा आकडा १७२. गोळी चालू असताना तो १४०च्या आत असायचा. त्यांच्या हातून दोन चुका झाल्या होत्या आणि दोन्ही आपल्याकडे घरोघरी होतात.

पहिली चूक: पाकळी अख्खी गिळणे

लसणाच्या ज्या गुणांबद्दल बोललं जातं ते बहुतेक ॲलिसिन या द्रव्यामुळे. पण अख्ख्या पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतंच. तिच्यात ॲलिन नावाचं, वास नसलेलं द्रव्य एका कप्प्यात असतं आणि ॲलिनेज हे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. पाकळी ठेचली, चिरली किंवा चावली की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि काही क्षणांत ॲलिसिन तयार होतं. तो झोंबरा वास त्याचाच. सोललेली अख्खी पाकळी हुंगून पाहा आणि मग तीच ठेचून हुंगा, फरक लगेच कळतो.

गिळलेली पाकळी पोटात फुटेलच की, असं काका म्हणाले. पण हे एन्झाइम जठरातल्या आम्लात टिकत नाही. पाकळी तिथे फुटेपर्यंत ते बरंचसं निकामी झालेलं असतं. म्हणजे वास टाळायला म्हणून गिळली आणि ज्याच्यासाठी खायची तेच टाळलं.

उष्णतेनंही हेच होतं. अख्ख्या पाकळ्या थेट गरम तेलात टाकल्या की ॲलिसिन तयार व्हायच्या आधीच एन्झाइम मरतं. फोडणीतला लसूण त्यामुळे वाया जात नाही, चव आणि इतर गंधकयुक्त द्रव्यं राहतातच. पण ॲलिसिन हवं असेल तर लसूण आधी ठेचून दहा मिनिटं बाजूला ठेवा आणि मग शक्यतो गॅस बंद करताना घाला. त्याहून सोपं म्हणजे एक पाकळी ठेचून कोशिंबिरीत किंवा ताकात घालून जेवणाबरोबर घ्या. उपाशीपोटी कच्चा लसूण अनेकांना जळजळ करतो आणि त्यात जास्तीचा फायदा काही नाही.

दुसरी चूक: लसणाला गोळीची जागा देणे

ही जास्त धोक्याची. बीपी वाढलेल्या माणसांवर लसणाच्या पूरक गोळ्यांचे जे प्रयोग झाले, त्यांत वरचा आकडा सरासरी पाच ते आठने उतरलेला दिसतो. ही घट खरी आहे, पण १७२चं १४० करणारी नाही. शिवाय हे प्रयोग मोजून-मापून बनवलेल्या अर्काचे आहेत, स्वयंपाकघरातल्या पाकळीचे नव्हेत.

कोलेस्टेरॉलचं चित्र याहून फिकं आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल मध्यम वाढलेल्या १९२ जणांना सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस, कुणाला कच्चा लसूण, कुणाला लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्यांपैकी एक, तर कुणाला नुसती खोटी गोळी दिली. कच्चा लसूण रोज एका पाकळीएवढा होता. एलडीएल कोणत्याच गटात लक्षणीय उतरलं नाही.

काकांची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आणि दोन-तीन आठवड्यांत आकडा १३६वर आला. ठेचलेली एक पाकळी ते अजून खातात, पण हे श्रेय गोळीचं आहे आणि मी त्यांना तसंच सांगते.

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर लसणाचे अर्क किंवा कॅप्सूल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका, कारण लसूणही रक्त गोठणं थोडं मंदावतो. ऑपरेशन ठरलं असेल तर या कॅप्सूल निदान आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. भाजी-आमटीतल्या लसणाची काळजी नको.

आलं आणि कांदा

आल्याचा एक उपयोग चांगला पडताळलेला आहे, तो मळमळीवर, विशेषतः गरोदरपणातल्या. प्रयोगांत बहुधा दिवसभरात मिळून एक ग्रॅमच्या आसपास सुंठ दिलेली असते. ती एकदम न घेता तीन-चार वेळा विभागून घेतात. गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ओल्या आल्यात जिंजेरॉल हे तिखट द्रव्य जास्त, वाळवून सुंठ झाली की त्यातल्या काहीचं शोगॉल होतं, म्हणून सुंठ जास्त तिखट लागते. सर्दी-खोकल्यात आल्याचा चहा घशाला बरं वाटायला जरूर घ्या, पण त्यानं ताप उतरेल म्हणून वाट पाहत बसू नका.

कांद्यात क्वेर्सेटिन नावाचं अँटिऑक्सिडंट असतं आणि ते बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त असतं. म्हणून साल काढताना दोन जाड पापुद्रेही काढून टाकू नका. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे मात्र खरं नाही. त्या भरवशावर कुणी भर दुपारी शेतात थांबू नये. पाणी, मीठ-साखर, सावली हेच लागतं. चक्कर येऊन माणूस बरळू लागला आणि अंग तापलं, तर कांदा फोडून नाकाशी धरत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तडक दवाखाना गाठा.