दुपारी ३ ला डोळे मिटतात? डब्यातल्या या चुका टाळा

आधी एक सांगते, दुपारी १ ते ४ मध्ये थोडी सुस्ती येणं नॉर्मल आहे, शरीराचं घड्याळच तसं आहे, न जेवताही ती येते. पण स्क्रीनसमोर मान खाली पडायला लागली तर मात्र डबा बघायचा.

खराडीच्या आयटी पार्कमधली माझी एक मैत्रीण घ्या. सकाळी फक्त चहा-बिस्किट, मग मीटिंगा आणि २ वाजता एकदम कडकडून भूक, मग ४ पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, सगळं १० मिनिटांत संपवून परत खुर्चीत. सव्वातीनला डोळे जड, म्हणून साखरेचा चहा आणि खारी. आता या ताटात पोळी, बटाटा, भात म्हणजे मुख्यतः पिष्टच, प्रोटीन त्यामानानं कमी. एवढं मोठं ताट, तेही भुकेल्या पोटी भराभर गेलं की रक्तातली साखर पटकन चढते, झोप येते, आणि काही जणांची साखर मग बरीच उतरते, तेव्हा परत गोड खावंसं वाटतं.

तिनं पोळी-भात सोडला नाही, फक्त प्रमाण, वेळ आणि जोडीचे पदार्थ बदलले. सकाळी ९ ला मुगाचं धिरडं नाहीतर २ अंडी, म्हणजे दुपारी तुटून पडायला होत नाही. जेवण १ वाजता: २ पोळ्या, वाटीभर घट्ट मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, दही, भात अर्धी वाटी. आणि आधी कोशिंबीर-उसळ खायची, पोळी-भात नंतर, या क्रमानं जेवणानंतरची साखर कमी चढते, हे मला सगळ्यात कामाचं वाटतं कारण यात काही सोडावं लागत नाही. जेवून १० मिनिटं बिल्डिंगभोवती चक्कर. साडेचारला मूठभर फुटाणे.

याच्या उलट चूक पण खूप जण करतात, झोप नको म्हणून दुपारी नुसती फळं खायची, मग ५ ला वडापाव दिसला की दोन जातात. तसं करू नका प्लीज. आणि ४ नंतरचा कडक चहा-कॉफी टाळा, कॅफिनचा निम्मा भाग ५-६ तासांनीही अंगात असतो, रात्रीची झोप बिघडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच.

गडबड कुठे असेल याचा अंदाज वेळेवरून येतो. जेवणाआधीच डोकं दुखतं, चिडचिड होते, तर नाश्ता कमी पडत असेल. जेवून तासा-दीड तासात झोप येते तर ताटात पोळी-भात जास्त होत असेल. हलकं जेवूनही रोज तेच होत असेल तर रात्रीची झोप बघा, घोरत असाल तर डॉक्टरांना सांगा, हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉइड, शुगर तपासून घ्या. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवणाची वेळ आणि पोळी-भाताचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदला, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.