जुना रेझ्युमे जोडला गेल्यास

अर्जासोबत जुना रेझ्युमे गेल्याचे लक्षात आल्यास नवा ई-मेल न लिहिता, पाठवलेल्याच ई-मेलवर ‘रिप्लाय ऑल’ करावे, म्हणजे दोन्ही संदेश एकाच साखळीत राहतात आणि जुनी फाइल पुन्हा जोडली जात नाही. मजकूर एवढाच पुरे: “महोदया, सकाळच्या अर्जासाठी अद्ययावत रेझ्युमे सोबत जोडला आहे. कृपया हाच ग्राह्य धरावा. तसदीबद्दल क्षमस्व.” चूक कशी झाली, हे सांगत बसू नये, त्यानेच तिच्याकडे अधिक लक्ष जाते. जुन्या प्रतीत मोबाइल क्रमांक वेगळा असेल, तर मात्र तो बदल एका वाक्यात अवश्य कळवावा. फाइलच्या नावात महिना व वर्ष घालावे आणि पाठवण्यापूर्वी जोडलेली फाइलच उघडून सध्याची नोकरी त्यात दिसते का, हे पाहावे.