पंचविशीला आईसाठी दागिना घेताय? आधी मोडीचा हिशेब करा

आई-बाबांच्या लग्नाच्या २५व्या वाढदिवसाला भावंडं वर्गणी काढून शहापुरात दागिना बघायला जातात आणि लाखाच्या बेतातले किती पैसे सोन्यात गेले, ते घरी आल्यावर कळतं.

दुकानात प्रत्येक दागिन्याचं सोन्याचं निव्वळ वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. हिशेबापुरता २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरू. ८ ग्रॅमची साधी साखळी, घडणावळ १०%: ८०,००० अधिक ८,०००, त्यावर ३% जीएसटी, एकूण ९०,६४०. तेवढ्याच सोन्याचा नक्षीचा हार, घडणावळ २२%: एकूण १,००,५२८. उद्या त्याच भावाने मोडायला नेलं तर दोन्हींचे जास्तीत जास्त ८०,०००च येणार. म्हणजे साखळीत साडेदहा हजार गेले, हारात साडेवीस.

हे साडेवीस हजार वाया गेलेच असं मात्र नाही. आई तो हार दर सणाला घालणार असेल तर जरूर घ्या. कपाटातच राहणार असेल तर साखळी घ्या. फक्त हारासाठी हप्ता काढावा लागत असेल, तरीही साखळीच बरी.

बोरमाळ आवडली तर जास्त जपून. मण्यांत लाख भरलेली असेल तर ती वजा करूनच सोन्याचं वजन पावतीवर मागा, नाहीतर लाखेलाही सोन्याचा भाव लागतो. पैसे देण्याआधी दागिन्यावरचा हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, बीआयएस केअर ॲपवर तपासा.