संतवचन छापायला देताय? आधी या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेची प्रुफं माझ्याकडे होती. आषाढीचा विशेष लेख होता आणि त्याच्या डोक्यावर चौकटीत ‘ज्ञानदेवें रचिला पाया, तुका झालासे कळस’ ही ओळ. खाली नाव, संत तुकाराम. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि पान पुढे दिलं. अंक छापून आल्यावर एका वारकरी वाचकांचा फोन आला. “माऊली, तुकोबा स्वतःलाच कळस म्हणतील का हो?” एवढंच त्यांनी विचारलं.

हा अभंग संत बहिणाबाईंचा. बहिणाबाई तुकोबांच्या शिष्या, त्यामुळे गुरूला कळस म्हणणं त्यांच्याच तोंडी शोभतं. ‘संतकृपा झाली, इमारत फळा आली’ अशी त्याची सुरुवात आहे. पाया ज्ञानदेवांचा, विस्तार नामदेवांचा, खांब एकनाथांच्या भागवताचा, कळस तुकोबा, आणि अगदी शेवटी ध्वजा फडकते. त्या ध्वजेच्या चरणात ‘बहिणी’ ही मुद्रा, म्हणजे अभंगात गुंफलेलं कर्त्याचं नाव, आहे. चौकटीत दोनच ओळी मावतात म्हणून मधला नि शेवटचा भाग गळतो, त्याबरोबर मुद्राही जाते आणि ओळीत जे नाव दिसतं तेच कर्त्याचं म्हणून खाली लागतं.

या चुकीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. कोणीतरी नाव दुरुस्त करतं, ‘बहिणाबाई’ लिहितं, आणि मांडणी करणारा शेजारी बहिणाबाई चौधरींचं छायाचित्र लावतो. ‘अरे संसार संसार’ लिहिणाऱ्या जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली वारल्या. तुकोबांच्या शिष्या सतराव्या शतकातल्या. म्हणून कर्त्याचं नाव कधीही एकटं लिहू नये. ‘संत बहिणाबाई’ लिहावं आणि छायाचित्र नावावरून नाही, व्यक्तीवरून शोधावं.

नाव तपासायचं असेल तर अभंग पहिल्या चरणापासून शेवटच्या चरणापर्यंत छापील गाथेत उघडून वाचायचा. शेवटची मुद्रा बघायची. मात्र मुद्रा हा पुरावा उलट बाजूनेच पक्का चालतो. अभंगात दुसऱ्याची मुद्रा असेल तर तुमचं नाव चुकलं हे नक्की. पण ‘तुका म्हणे’ आहे म्हणून ओळ तुकोबांची, असं होत नाही, कारण ते दोन शब्द कोणालाही जोडता येतात. ओळ गाथेत सापडली पाहिजे. आणि मुद्राच नसेल तर जास्तच जपा. ‘इंद्रायणी काठी देवाची आळंदी’ संतांचा अभंग म्हणून छापलेलं मी वाचलं आहे. ते गदिमांनी १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटासाठी लिहिलेलं गीत आहे.

दुसरी चूक शब्दांची. ओळ पाठ असते म्हणून आपण पुस्तक उघडत नाही, आणि पाठ झालेली ओळ बहुतेकदा बोलण्यात घासून गुळगुळीत झालेली असते. ‘बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले’ असं आपण सगळे म्हणतो. गाथेत ‘वंदीन पाउलें’ आहे. पुढेही ‘अंगे झाडीन अंगण’, ‘त्याचा होईन किंकर’ अशी सगळी क्रियापदं तुकोबा स्वतःबद्दल वापरतात. ‘वंदावी’ केलं की तुकोबांचा स्वतःचा निश्चय जाऊन लोकांना केलेला उपदेश उरतो. अवतरणचिन्हात घालताना हे चालणार नाही. तुमच्या लेखात म्हण म्हणून वापरायची असेल तर अवतरणचिन्हं आणि तुकोबांचं नाव दोन्ही काढा.

अर्धी ओळ तोडण्याचंही तसंच. ‘सामर्थ्य आहे चळवळेचे, जो जो करील तयाचे’ हे समर्थांचं वचन मोर्चाच्या फलकापासून अग्रलेखापर्यंत सगळीकडे दिसतं. दासबोधातली ओवी तिथे संपत नाही. ‘परंतु तेथे भगवंताचे अधिष्ठान पाहिजे’ हा तिचाच उरलेला भाग आहे. आणि तो ‘परंतु’ने सुरू होतो, म्हणजे आधीच्या विधानाला घातलेली अटच आपण कापतो. ओवी अर्धी द्यायची तर निदान पुढे टिंबं द्या. पण ‘परंतु’, ‘जरी’, ‘तरी’ यांच्या आधी कात्री लावूच नका.

संस्कृतात ‘अहिंसा परमो धर्मः’ याच्यापुढे ‘धर्महिंसा तथैव च’ असा भाग जोडून महाभारताच्या नावाने दिला जातो. अनुशासनपर्वात अहिंसेला परम धर्म म्हणणारे श्लोक आहेत, पण त्यांचे पुढचे चरण वेगळे आहेत. ‘तथाहिंसा परं तपः’ असं अहिंसेलाच तप म्हणणारं चरण तिथे येतं. फिरणारा जोड तिथे नाही. इथे शोधयंत्रावर शंभर ठिकाणी सापडलं म्हणून समाधान मानू नका, कारण ती शंभर ठिकाणं एकमेकांवरून उतरवलेली असतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आहे. पर्व आणि अध्याय कळला की तिथे जाऊन बघता येतं.

आता क्रमांक. क्रमांक चुकला की लेखकाने चूक केली असं आपण धरतो, पण पुष्कळदा लेखक आणि तपासणारा वेगवेगळी पुस्तकं उघडून बसलेले असतात. गीतेचा तेरावा अध्याय काही प्रतींत ३४ श्लोकांचा आहे, काहींत ३५ चा. त्या जास्तीच्या प्रतींत सुरुवातीला अर्जुनाचा ‘प्रकृतिं पुरुषं चैव’ हा प्रश्न येतो. त्यामुळे ‘क्षेत्रज्ञं चापि मां विद्धि’ हा श्लोक एका प्रतीत १३.२ असतो, दुसऱ्या प्रतीत १३.३. दोन्ही बरोबर आहेत. अख्ख्या अध्यायात एकचा फरक दिसला तर कारण हेच समजा आणि कोणती प्रत वापरली ते लिहा. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचे आणि गाथेतल्या अभंगांचे क्रमांकही प्रतीप्रमाणे बदलतात, म्हणून तिथे क्रमांकाबरोबर प्रतीचं नाव आणि पहिलं चरण दोन्ही द्यावं. दासबोध त्या मानाने सोपा. दशक, समास, ओवी असे तीन आकडे लागतात. ‘आधी प्रपंच करावा नेटका’ म्हणजे १२.१.१. दोनच आकडे दिसले तर एक गळला आहे.

बायबललाही हे चुकलेलं नाही. मेंढपाळाचं प्रसिद्ध स्तोत्र मराठी बायबलात स्तोत्रसंहिता २३ आहे. जुन्या लॅटिन परंपरेच्या क्रमात तेच २२ येतं. वसई-गोव्याकडच्या जुन्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकावरून कोणी लिहिलं असेल तर घाईने ‘दुरुस्त’ करू नका.

अनुवाद हा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग. ‘फळाची अपेक्षा न ठेवता कर्म कर’ हे वाक्य अवतरणचिन्हात, खाली ‘भगवद्गीता २.४७’. हा श्लोकाचा सारांश आहे, अनुवाद नाही. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ या श्लोकात चार गोष्टी आहेत. तुझा अधिकार कर्मावर आहे, फळावर कधीच नाही, कर्मफळाचा हेतू धरू नकोस, आणि कर्म न करण्याचीही ओढ नसू दे. चौथी गोष्ट सारांशातून नेहमी सांडते. सारांश द्या, पण अवतरणचिन्हाशिवाय, ‘गीतेच्या २.४७ चा भाव असा’ म्हणून. शब्दशः अनुवाद द्यायचा तर अनुवादकाचं नाव द्या. विनोबांची गीताई समश्लोकी असल्याने मूळ श्लोक शेजारी ठेवून पडताळायला फार सोयीची आहे, पण तिच्या ओळी गीताईच्या नावानेच छापा.

हल्ली माझ्याकडे आलेल्या प्रत्येक वचनाशेजारी मी पेन्सिलीने ग्रंथ, प्रत, पान आणि पाहिल्याची तारीख लिहिते. ज्याच्याशेजारी चारही गोष्टी भरत नाहीत ते वचन, कितीही सुंदर असलं तरी, पानावरून उतरवते.