स्टेरॉइड चालू असताना मांड्या पुन्हा ढिल्या पडल्या तर या चुका टाळा

मी रत्नागिरीत फिजिओथेरपी करते. गुहागरकडच्या एका काकूंची हकीकत सांगते, कारण त्यांच्या हातून झालेली चूक मी वारंवार बघते आणि दर वेळी जीव कळवळतो.

काकूंना डर्मॅटोमायोसायटिस होता, म्हणजे स्नायू आणि त्वचेला सूज आणणारा आजार. सुरुवातीला त्यांचं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, ६,२०० होतं, उशीवरून डोकं उचलत नव्हतं, पेज पितानाही ठसका लागायचा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ६० मिलिग्रॅम आणि जोडीला मेथोट्रेक्सेट सुरू झालं. दोन महिन्यांत काकू स्वतःच्या पायांनी विहिरीपर्यंत जाऊ लागल्या, डोस ४५ वर आला. बाराव्या आठवड्यात मात्र पाटावरून उठता येईना आणि एसटीची पायरी चढायला मागून कुणीतरी आधार द्यावा लागला. रोग परत आला असं समजून त्यांनी घरात उरलेल्या गोळ्यांतून आपणहूनच पुन्हा ६० सुरू केल्या. दोन आठवड्यांत पाय आणखी गळाले.

पहिली चूक हीच. स्टेरॉइड सूज विझवतं, पण मोठा डोस आठवडेच्या आठवडे चालला की तेच औषध स्नायूतली प्रथिनं मोडतं आणि नवी बनू देत नाही. झळ लागते ती मुख्यतः झटकन जोर लावणाऱ्या तंतूंना, आणि आधी मांड्या-कुल्ल्यांत. रोज ३०-४० मिलिग्रॅमच्या वर असणाऱ्यांत हे जास्त दिसतं, १० च्या खाली क्वचित. सांधेदुखीवर म्हणून कुणी दिलेल्या पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन यांतलं स्टेरॉइड असेल तर स्नायूंना धोका आणखी मोठा, म्हणून अशी पुडी चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

मग ओळखायचं कसं? काकूंना मी तपासलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दुखत नाय काय, पण उठवतच नाय." मी त्यांना उताणं झोपवून मान उचलायला लावली. हनुवटी छातीला टेकली, आणि मी कपाळावर हात ठेवून दाबलं तरी मान ढळली नाही. गिळताना त्रास नव्हता. दोरीवर कपडे वाळत घालता येत होते. चेहरा मात्र गोल झाला होता आणि मांड्या बारीक. हे चित्र औषधाकडे बोट दाखवतं. रोग उलटताना मान, खांदे आणि गिळणं बरेचदा सोबत ढासळतं, पापण्यांवर किंवा बोटांच्या पेरांवर पुरळ पुन्हा उमटतं, कधी स्नायू ठणकतात.

त्यांचं सीपीके ९५ आलं. पण केवळ त्या आकड्यावर विसंबणं ही दुसरी चूक. डर्मॅटोमायोसायटिस जोरात असतानाही काहींचं सीपीके नॉर्मल राहतं. काकूंच्या बाबतीत सुरुवातीलाच ते खूप चढलं होतं, म्हणून नॉर्मल आकड्याला वजन होतं. तरीही डॉक्टरांनी पोटॅशियम आणि थायरॉइड बघितलं, कारण त्यांच्यातल्या बिघाडानेही अशीच कमजोरी येते. शंका उरलीच तर मांड्यांचा एमआरआय उपयोगी पडतो: सूज दिसली तर रोग जागा आहे, नुसता स्नायू झिजलेला असेल तर स्टेरॉइडचा संशय बळावतो. दोन्ही एकत्र असू शकतात, तेव्हा निवाडा अवघड होतो.

कारण कळल्यावर गोळी एकदम बंद करू नका. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतल्यावर शरीराची स्वतःची कॉर्टिसोल ग्रंथी झोपलेली असते. अचानक थांबवलं तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं असा जिवावरचा प्रसंग येतो, वर रोगही उसळू शकतो. काकूंचा डोस डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवला आणि रोगाला आवर घालायला मेथोट्रेक्सेट चालूच ठेवलं. डोस उतरवणं हीच खरी परीक्षा असते: ताकद वाढली तर दोष औषधाचा, ढासळली किंवा सीपीके चढलं तर रोगाचा. म्हणून सीपीके दर महिन्याला केलं.

मोजायला मी एकच गोष्ट धरली. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं, सुनेने मोबाइलवर वेळ लावायची, आठवड्यातून एकदा वहीत मांडायचं. पहिल्या दिवशी २६ सेकंद लागले. पहिले तीन आठवडे आकडा हललाच नाही, आणि इथेच घरचे धीर सोडून पुन्हा गोळी वाढवायला निघतात. सुधारणा दिसायला साधारण तीन-चार आठवडे जातात, पूर्ण ताकद यायला अनेक महिने.

दरम्यान काकू खाटेवर पडून नव्हत्या. पडून राहिलं की झिजलेला स्नायू आणखी झिजतो. दिवसाआड खुर्चीवरून उठ-बस, आठ-आठच्या दोन फेऱ्या, मग कमी उंचीचं स्टूल, मग ओटीची एक पायरी. जेवणात रोज बांगडा किंवा अंडी आणि कुळथाचं पिठलं. सहाव्या आठवड्यात २० सेकंद, तिसऱ्या महिन्यात १३. पाचव्या महिन्यात काकू हात न टेकता पाटावरून उठल्या. तेव्हा प्रेडनिसोलोन ७.५ मिलिग्रॅमवर होतं आणि सीपीके ११०.