हिमरूच्या जाकिटावर धाग्यांची पट्टी खरी कशी लिहावी

छत्रपती संभाजीनगरात हिमरूच्या शाली, जाकिटं, पर्स यांना कायम मागणी असते. जुन्या पद्धतीच्या हिमरूत ताणा, म्हणजे उभे धागे, सुती आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, रेशमी असायचा. आज बाजारात हिमरू म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कापडात रेशमाऐवजी व्हिस्कोज किंवा पॉलिएस्टर असतं. ते विकण्यात काही चूक नाही. चूक होते ती आतल्या पट्टीवर 'कॉटन सिल्क' छापून मोकळं होण्यात. पट्टीवर काय लिहायचं हे नीट ठरवायला एका जाकिटापुरतं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते घरच्या शिलाईकामातही करता येतं.

सुरुवात कापडाच्या बिलापासून करा. दुकानदाराला 'हे कसलं आहे?' असं विचारलं तर 'सिल्कचंच आहे ताई' हे उत्तर तयार असतं. त्याऐवजी 'ताण्यात कोणतं सूत, बाण्यात कोणतं, आणि बिलावर तसं लिहून द्याल का?' असं विचारा. जो लिहून देतो, त्याच्या शब्दाला वजन आहे. बिलावर नुसतं 'हिमरू' लिहिलं असेल, तर पुढची तपासणी तुम्हालाच करावी लागेल.

टक्के काढायचे ते वजनाचे, धाग्यांच्या संख्येचे नाहीत. तागा कापताना त्याच्या मधल्या भागातून 10 सेंटीमीटर बाय 10 सेंटीमीटरचा तुकडा काढा. नक्षीचा तुकडा घेत असाल तर नक्षी पूर्ण येईल एवढा मोठा घ्या, नाहीतर बाण्याचं वजन चुकीचं भरेल. सुईने उभे धागे एकीकडे आणि आडवे एकीकडे सोडवा आणि दोन्ही ढीग सोनाराच्या काट्यावर तोला. साधा स्वयंपाकघरातला काटा इतकं बारीक वजन दाखवत नाही. समजा तुकडा 2 ग्रॅमचा निघाला, ताणा 1.12 ग्रॅम आणि बाणा 0.88 ग्रॅम. म्हणजे ताणा 56 टक्के, बाणा 44 टक्के. विकणाऱ्याने ताणा सुती आणि बाणा व्हिस्कोजचा सांगितला असेल तर 'सुती 56%, व्हिस्कोज 44%' असं लिहायचा मोह होतो. इथेच थांबू नका.

प्रत्येक ढिगातले चार-पाच धागे वेगवेगळे घेऊन त्यांना पीळ द्या, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर मेणबत्तीला लावा. शेजारी पाणी ठेवा, कारण वितळलेलं पॉलिएस्टर बोटाला चिकटून भाजतं. सूत कागदासारखं भुरकन जळतं आणि मऊ करडी राख उरते. रेशीम सावकाश जळतं, केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की बहुधा विझतं आणि काळा गोळा चिमटीत भुगा होतो. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक मणी उरतो, तो चिमटीत फुटत नाही.

आपल्या तुकड्यातला ताणा कागदासारखा जळला, पण राखेत कडक मणीही राहिला, असं धरू. याचा अर्थ सुतात पॉलिएस्टर मिसळलेलं आहे. असा धागा सुईने सोडवून वेगळा होत नाही, कारण दोन्ही तंतू एकाच पिळात असतात. सूत विकणाऱ्याकडे पुन्हा चौकशी केली आणि ते 65:35 चं पीसी सूत असल्याचं त्याने लिहून दिलं, म्हणजे 65 टक्के पॉलिएस्टर आणि 35 टक्के सूत, तर हिशेब बदलतो. ताण्याच्या 56 टक्क्यांचे 65 टक्के म्हणजे 36.4, आणि 35 टक्के म्हणजे 19.6. बाकी 44 व्हिस्कोज. 'सुती' म्हणून आलेल्या कापडात प्रत्यक्ष सूत जेमतेम 20 टक्के निघालं. ज्याला उन्हाळ्यात अंगावर घालायला सुती जाकीट हवंय, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

या तपासणीला मर्यादा आहेत. सूत आणि व्हिस्कोज दोन्ही जवळपास सारखेच जळतात. ते ओळखायला धाग्याचा मधला भाग ओला करून दोन्ही टोकांनी ओढा. व्हिस्कोज ओलं झालं की कमजोर होतं आणि बहुधा ओल्या जागीच तुटतं, सूत तिथे तुटत नाही. मिसळलेल्या धाग्याचे टक्के मात्र घरी निघत नाहीत. सूतविक्रेता लिहून देत नसेल, तर वस्त्र समितीच्या किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तुकडा पाठवा. तागा मोठा असेल तर हा खर्च वाचवू नका.

आता अस्तर. जाकिटाचं अस्तर बहुधा पॉलिएस्टर टॅफेटा असतं आणि अंगाला तेच लागतं. म्हणून बाहेरच्या कापडाचे टक्के आणि अस्तराचे टक्के कधीही एकत्र करून सरासरी काढू नये. बाहेरचं कापड कितीही चांगलं असलं, तरी मे महिन्यात परभणीच्या उन्हात पाठीला घाम सुटतो तो अस्तरामुळे. धुताना आणि इस्त्री करतानाही अस्तर महत्त्वाचं ठरतं. सुताला चालणारी गरम इस्त्री लावली की पॉलिएस्टर चिकटतं, आणि कापड आटलं पण अस्तर आटलं नाही तर कडेला सुरकुत्या पडतात. युरोपीय संघाच्या 2011 च्या नियमातही मुख्य अस्तराचे तंतू वेगळे सांगावे लागतात, त्यामुळे माल बाहेर पाठवणाऱ्यांना तर हे टाळताच येत नाही.

गळपट्टी, काठ आणि लेस यांचा विचार शेवटी करा, पण तो वगळू नका. जरीच्या लेसमध्ये बहुधा चकचकीत पॉलिएस्टरची पट्टी असते. 'जरी' एवढंच लिहिलं तर घेणाऱ्याला चांदीची जर वाटू शकते. आमच्या जाकिटाची पट्टी अशी होईल:

बाहेरील कापड: व्हिस्कोज 44%, पॉलिएस्टर 36%, सुती 20%
अस्तर: पॉलिएस्टर 100%
काठ: जरीच्या दिसण्याची पॉलिएस्टर लेस

जो तंतू जास्त तो आधी. आकडे पूर्णांकात, बेरीज 100. बटण, बकरम आणि शिलाईचा दोरा आम्ही इथे मोजत नाही. 'आर्ट सिल्क' हा शब्द पट्टीवर अजिबात नको, तिथे व्हिस्कोज किंवा पॉलिएस्टर लिहा. 'रेशीम' फक्त खऱ्या रेशमासाठी ठेवा. सोवळ्यासाठी रेशीम शोधणाऱ्या आजी आणि अहिंसेपोटी रेशीम टाळणारं जैन कुटुंब, दोघंही ती पट्टी वाचूनच ठरवतात. एकाला खोटं रेशीम देणं आणि दुसऱ्याला न सांगता खरं रेशीम देणं, दोन्ही सारखंच वाईट. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये वस्तूच्या घटकांबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, त्यामुळे तक्रार आली तर 'दुकानदाराने तसं सांगितलं होतं' एवढं पुरत नाही.

पट्टी सॅटिनची, धुतल्यावर न पुसणाऱ्या शाईची घ्या आणि डाव्या बाजूच्या शिवणीत शिवा. मागच्या गळ्यापाशी ती टोचते आणि लोक ती कापून टाकतात. तपासलेला तुकडा, बिलाची प्रत आणि पट्टीचा नमुना एकाच कागदावर टाचून ठेवा, वर तागा क्रमांक टाका. अस्तराचा तागा संपून दुसऱ्या दुकानातून नवा आला, तर जुन्या पट्ट्या उरल्या आहेत म्हणून त्या शिवून टाकू नका. आधी त्या अस्तराचा धागा जाळून पाहा.