सोमवारची मीटिंग बंद करताय? आधी एवढं करून ठेवा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत वर्षानुवर्षं चालत आलेली सोमवारची प्रॉडक्शन मीटिंग बंद करायची, तर तारीख आणि नवी वेळ ठरवणं आलंच. कारण मात्र नेमकं सांगा. ‘सगळ्यांचा वेळ वाचावा म्हणून’ म्हटलं की लोक खरं कारण शोधत बसतात. कास्टिंगमध्ये वायूनं पडलेली पोकळी, म्हणजे ब्लोहोल, मंगळवारी सापडलं तर त्यावर पुढच्या सोमवारी बोलून काय उपयोग, तोवर त्याच वाळूत कितीतरी हीट ओतून झालेल्या असतात. म्हणून आता रोज सकाळी दहा मिनिटं मोल्डिंगजवळच्या बोर्डापाशी उभ्यानं बोलायचं. एवढं सांगितलं तर पटतं.

पण सांगण्याआधी मागच्या आठ मीटिंगांची मिनिट्स काढा. कोण काय बोललं ते सोडा, तिथं काय ठरलं तेवढंच लिहून काढा. आकडे बोर्डावर जातील, निर्णय आपोआप कुठंच जात नाहीत. मागच्या वेळी अशीच एक मीटिंग बंद केली तेव्हा नेमकं हेच राहिलं, आणि होल्डवरच्या कास्टिंगचा ढीग डिस्पॅचच्या दारापर्यंत आला. क्वालिटीवाला टॅग लावून मोकळा, प्रॉडक्शनवाला त्याची वाट बघतोय, गाडी उभी.

समजा, पंपाच्या हाऊसिंगवर ब्लोहोल दिसलं. मशीनिंगला ठेवलेल्या जादा मटेरियलमध्ये ते निघून जाणार असेल तर पुढं पाठवायचं. त्याहून खोल असेल तर ग्राहकाची लेखी परवानगी मागायची, नाहीतर तुकडे करून परत भट्टीत. हे सोमवारी चौघांत ठरायचं. आता कोण ठरवणार? नाव लिहा. ‘क्वालिटी आणि प्रॉडक्शन मिळून’ हे नाव नव्हे. टॅगवर कोणाची सही, किती वाजेपर्यंत, तो रजेवर असेल तर कोण, हे तिन्ही ठरल्याशिवाय मीटिंग बंद होतेय असं तोंडातून काढू नका.

खातेप्रमुखांना आदल्या आठवड्यात एकेकट्याला गाठा. ज्याचा निर्णय मीटिंगमध्ये व्हायचा, त्याला तो आता कुठं होईल ते दाखवा. मग शेवटच्या सोमवारी सगळ्यांसमोर सांगा. नोटीस मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही शेजारी शेजारी. दुसऱ्या पाळीला निरोप धाडू नका, त्यांच्या वेळेला स्वतः जा. फेटलिंगच्या कंत्राटदाराचा माणूस कॅलेंडरवर नसतो, त्यालाही सांगा.

गूगल कॅलेंडरमधून मीटिंग काढताना शेवटच्या मीटिंगनंतरच्या सोमवारवर जाऊन `This and following events` निवडा. `All events` केलंत तर मागच्या नोंदीही जातील.

महिन्यानं एकदा बघा. बोर्डाआधी होल्डची जागा बघा. दोन दिवसांहून जुना, सही नसलेला टॅग दिसला, तर त्या निर्णयाला अजून मालक मिळालेला नाही.